चिमणचा सरळ हात

डहाणू रोड स्टेशनाच्या पूर्वेला एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मल्टिमीडियाचा क्लास होता. तिथे दीपेश शिकवायचा. शिकवायचा म्हणजे काय, सगळंच करायचा. मुलांना थ्री-डी शिकवायचं, बंद पडलेली मशीनं चालू करायची आणि मालक रविंद्र सरांना कुणी बारीकसा प्रश्न विचारला की उत्तर द्यायला पुढे व्हायचं. वय सव्वीस, गाव सायवन, आणि हात कामाला चपळ. मुलांना वाटायचं, सर बोट लावतात आणि मॉडेल सुधारतं. दीपेशलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं, आणि घोडं तिथेच पेंड खाणार होतं.

त्याच्या वर्गात भारती होती. तलासरी तालुक्यातल्या उधव्याची. रोज बस बदलून यायची, उशीर झाला तरी कारण सांगत बसायची नाही, खुर्ची ओढून कामाला लागायची. बाकीची मुलं गेमच्या प्रोजेक्टसाठी बंदूकवाले सैनिक आणि रोबो बनवत होती, सगळे एका साच्यातून काढलेले. भारतीने बनवला तिचा बाप.

बाप म्हणजे चिमण. ताडी काढणारा. उमेदीत झाडावरून पडला होता तेव्हा उजवा हात कोपरात मोडला. गावातल्या हाडवैद्याने बांधला, नंतर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने डोकं हलवून सोडून दिलं. हात जुळला तो वाकडाच, कोपरातून पुरता सरळ म्हणून होईना. दुसरा असता तर त्याने झाडाकडे पाठ फिरवली असती. चिमणने त्याच वाकड्या हाताचा आकडा केला. ताडाच्या खोडाला तो हात असा बसायचा की जणू खोडाचं माप घेऊनच जुळला होता. कोपर अडकवायचं, पायातल्या दोरावर उठायचं, पुन्हा अडकवायचं. पहाटे धुक्यात लांबच्या ताडावर नुसती काळी आकृती दिसली तरी उधव्यातले लोक म्हणायचे, चिमण चढला. बाकीचे चढणारे दोन्ही हातांनी चढतात, सारखे दिसतात. हा वेगळा दिसायचा.

मागच्या हिवाळ्यात दीपेश भारतीच्या घरी गेला होता, ताडी प्यायला आणि झाडाचे फोटो काढायला, दोन्हीसाठी. चिमणने त्याला आपला हात कौतुकाने दाखवला. नुसता दाखवला नाही, त्याच्या गळ्यात अडकवून दाखवला.

"बघ मास्तर, सुटतो का? नाय सुटत. कुनाचा हाय असा हात? आख्ख्या तालुक्यात दाखव." आणि पोट धरून हसला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याची नजर अधू झाली. भारतीने आणि तिच्या आईने त्याचं चढणं बंद केलं. तो कुरकुरला. नुसता अंगणात बसून दुसऱ्यांना चढताना बघायचा आणि त्यांच्या चुका मोठ्याने सांगायचा. तेव्हा भारतीने ठरवलं की आपल्या गेममध्ये बा चढेल. पहाटेचं ताडाचं रान, झाडांवर मडकी, आणि उजेड व्हायच्या आत ती उतरवायची. एवढाच खेळ. बाला तिने सांगितलं, "बा, मशीनमधी तू चढशील." चिमण म्हणाला, "मग बघायला येनार मी. बरोबर चढतो का नाय ते मीच सांगनार."

भारतीने आपल्या मोबाइलवरच्या बापाच्या जुन्या व्हिडिओंवरून ब्लेंडर या थ्री-डीच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल उभं केलं. डोक्याचं फडकं, कमरेचा कोयता आणि तो वाकडा हात. आत हाडांचा सांगाडा घातला. मग कोपर अडकवून चढण्याची हालचाल एकेक फ्रेम लावून बसवली. ही हालचाल बसवायला तिला दिवाळीपर्यंतचा वेळ लागला. मग भातकापणी आली आणि ती घरी गेली. जाताना दीपेशला म्हणाली,

"सर, तीन गोष्टी अडल्यात. कोयता हाताबरोबर उडतो, मडकं हातात दिलं की राईएवढं होतं, आणि गेममध्ये एक्स्पोर्ट केलं की नुसता पुतळा उभा राहतो. एवढं बघाल का? हाताला मात्र हात लावू नका."

"नाही लावत," दीपेश म्हणाला. अगदी सहज म्हणाला. जी माणसं असं सहज म्हणतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नये, पण भारती ठेवून गेली.

पहिली दोन कामं दीपेशने चुटकीसरशी उरकली. पुतळा उभा राहत होता कारण भारती ओबीजे फाइल काढत होती, आणि त्या प्रकारात नुसता आकार जातो, हाडं जात नाहीत. एफबीएक्समध्ये काढलं की सांगाडाही जातो आणि हालचालही. कोयत्याचं दुखणं वेटचं होतं. वेट म्हणजे कातडीचा कुठला ठिपका कुठल्या हाडाचं किती ऐकणार, त्याचा हिशेब. भारतीने तो ब्लेंडरलाच आपोआप करायला सांगितला होता, आणि ब्लेंडर बिचारं जवळचं हाड बघतं. कमरेचा कोयता हाताच्या पंजाजवळ लटकलेला, म्हणून त्याने कोयता पंजाला बांधला. हात वर गेला की कोयताही वर. दीपेशने कोयत्याचं हाताशी असलेलं वेट पुसलं आणि सगळं कमरेच्या हाडाला देऊन टाकलं. कोयता गुमान कमरेला राहिला. डोक्याचं फडकंही खांद्याकडून काढून डोक्याला दिलं. हे सगळं उत्तम झालं, त्यात खोट काढायला जागा नाही.

अडलं ते मापात. भारतीने बापाची उंची सेंटिमीटरमध्ये धरली होती. गेम चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, एकाला एक मीटर समजतं. त्यामुळे पहिल्यांदा चिमण आत गेला तो ताडांपेक्षा उंच, ढगात डोकं, आणि झाडं त्याच्या घोट्याशी गवतासारखी. वर्गातली मुलं हसून लोळली होती. मग भारतीने मॉडेल आणि सांगाडा बाहेरून शंभर पटीने लहान केले. डोळ्याला माप बरोबर दिसलं. पण हे लहान करणं तिने पक्कं केलं नव्हतं. आतली हाडं अजून राक्षसाचीच, वरून नुसती आकसलेली. म्हणून त्या हातात मडकं दिलं की मडकंही शंभर पटीने आकसायचं.

उपाय ठरलेला. दीपेशने मॉडेल आणि सांगाडा निवडून कंट्रोल-ए दाबलं, स्केल पक्कं केलं. मडकं मडक्याएवढं झालं. तो खूश झाला आणि त्याने चढण्याची हालचाल चालवून पाहिली. चिमण पहिल्याच उडीत झाडावरून निसटला आणि आकाशात नाहीसा झाला.

याचंही कारण त्याला कळत होतं. हाडं लहान झाली, पण हालचालीत लिहून ठेवलेली अंतरं जुनीच, राक्षसाची राहिली. तीही त्याच पटीने लहान करायला हवी होती. हालचालीचे ग्राफ उघडायचे, सरकण्याच्या रेषा निवडायच्या, शंभराने भागायच्या. चहा गार व्हायच्या आत होण्यासारखं काम.

त्याच वेळी रविंद्र सर मागे येऊन उभे राहिले. डेमोच्या दिवसाला पालक येणार, तलासरीचे एक पुढारी येणार, सरांच्या मनात नव्या बॅचची भरती. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं.

"याचा हात काय झालाय? बग आहे का?"

"नाही सर, तिच्या वडिलांचा हात तसाच आहे."

"ते आपल्याला माहीत. बघणाऱ्याला काय माहीत? बघणारा म्हणेल, यांना रिगिंग येत नाही."

एवढंच बोलून सर खाली झेरॉक्सवाल्याकडे गेले. पण वाक्य मागे राहिलं, आणि ते दीपेशला बरोबर झोंबलं. रिगिंग, म्हणजे मॉडेलमध्ये हाडं बसवणं, त्याने शिकवलेलं. त्याच्या हाताखालून गेलेलं मॉडेल, आणि लोक म्हणणार, कोपर बिघडलंय! वाकडा हात ही चिमणची ओळख होती हे त्याला ठाऊक होतं. पण त्या दुपारी त्याला स्वतःच्या ओळखीची जास्त काळजी वाटली. खरं ते एवढंच. बाकी जी कारणं त्याने नंतर स्वतःला दिली, वेळ नव्हता, सरांनी सांगितलं, ती सगळी मागाहून सुचलेली.

इंजिनात माणसाचा सांगाडा लावायची एक सोपी वाट असते. तुमचं पात्र माणूस आहे असं जाहीर करायचं, मग जगभरातल्या तयार हालचाली त्याला चालतात. अट एकच. पात्राने दोन्ही हात आडवे, सरळ पसरून उभं राहायचं. उभं राहिलं की आकृती हिरवी होते. दीपेशने चिमणला त्या वाटेने नेलं. डावा हात हिरवा झाला, उजवा लाल राहिला. त्याने इंजिनाला तो हात जबरदस्तीने सरळ करायला लावला, तर वाकडा घडवलेला हात सरळ होताना कोपराशी चुरगळला, ओल्या कापडासारखा. मग त्याने ब्लेंडरमध्ये परत येऊन उजवी बाजू पुसली, डावी बाजू आरशातल्यासारखी उजवीकडे उलटवली. हाड उलटलं, वेट उलटलं. दोन्ही हात सारखे झाले. कोपराच्या कडा इतक्या साफ आल्या की त्याला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. इंजिनात आकृती डोक्यापासून पायापर्यंत हिरवीगार. भारतीची हालचाल त्याने काढून टाकली आणि चढण्याची एक तयार हालचाल लावली. चिमण सरसर चढला, दोन्ही हातांनी.

आणि या सगळ्यात तो सवयीने कंट्रोल-एस दाबत राहिला. ब्लेंडर आधीच्या सेव्हची एक प्रत बाजूला ठेवतं, पण एकच. दुसऱ्यांदा सेव्ह केलं की तीही नव्याने भरते. भारतीच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. तिची फाइल क्लासच्या त्या मशीनवरच होती, दुसरीकडे कुठेच नाही. विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी फाइलला नवं नाव देऊन सेव्ह करायला शिकवणारा माणूस स्वतः मात्र त्याच नावावर सेव्ह करत बसला.

डेमोच्या दिवशी भारती बापाला घेऊन थेट बसमधून उतरली. चिमण नवा सदरा घालून आला होता, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, वाकडा हात उघडा. येताना वाटेत भेटेल त्याला सांगत आला होता म्हणे, की मशीनमधी मी चढनार हाय. जिन्यावरच त्याने दीपेशच्या गळ्यात तोच हात घातला.

"काय मास्तर, चढतो ना बरोबर?"

"चढतो काका," दीपेश म्हणाला. भारतीने त्याच्याकडे बघितलं. तो प्रोजेक्टरची वायर बघायला गेला.

पडद्यावर पहाट झाली. ताडांचं रान भारतीने सुरेख केलं होतं, खालचा चिखलसुद्धा उधव्याचा. फडकं बांधलेला माणूस आला, खोडाला दोन्ही सरळ हात लावले आणि चढायला लागला. पुढारी टाळ्या वाजवायला लागले, मग सगळेच.

भारती जागच्या जागी उभी राहिली. तिला पहिल्या क्षणातच सगळं कळलं, हात, हालचाल आणि फाइल, तिन्ही गेल्याचं.

चिमण पुढे सरकला. नजर अधू, म्हणून पडद्याच्या अगदी जवळ गेला. वर जाणाऱ्या माणसाकडे मान वर करून बघत राहिला.

"कोन हाय हा?" त्याने विचारलं. थट्टेने नाही, खरोखर विचारलं. "आपल्या गावचा भिका हाय का? भिका असा चढतो."

"तुम्हीच आहात काका," रविंद्र सर मोठ्याने म्हणाले. "बघा, हात कसा मस्त सरळ करून दिला आमच्या सरांनी!"

खोलीत हशा पिकला. प्रेमाचंच हसू होतं, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. चिमणही हसला. मग त्याने आपल्या हाताकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग खोलीतल्या लोकांकडे. आणि हसता हसताच दुमडलेली उजवी बाही हळूच खाली सोडली. पार मनगटापर्यंत. दीपेशने ते बघितलं. भारतीनेही बघितलं.

क्लासच्या रिवाजाप्रमाणे पालकांना प्रोजेक्टचं एकेक चित्र लॅमिनेट करून दिलं गेलं. चिमणने ते डाव्या हाताने घेतलं.

जिन्यात दीपेशने भारतीला गाठलं. "जुनी फाइल..." तो सुरू झाला.

"नाही ना?" ती म्हणाली.

"नाही."

"सर, तुम्हाला सांगून गेले होते मी." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं असं दीपेशला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. ती पुन्हा क्लासला आली नाही. वापीच्या एका कारखान्यात लागली असं तिच्या मैत्रिणीने सांगितलं.

दीपेशचं मात्र तेव्हापासून कशात लक्ष लागेना. वर्गात मुलांना डावी बाजू उजवीकडे उलटवायची कशी हे शिकवताना तो मध्येच थांबायचा. अपराधी वाटणं ही गोष्ट काही त्याला रोजची नव्हती, त्यामुळे ती कुठे ठेवायची हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने एकच केलं. क्लास सुटल्यावरच्या रिकाम्या वेळात चिमण पुन्हा घडवायला घेतला. व्हिडिओ भारतीच्या मोबाइलवर, हाताचे फोटो त्याने काढलेले नव्हते, म्हणून आठवणीवर. गळ्यात अडकलेल्या त्या हाताचा दाब त्याला अजून आठवत होता, कोपर किती वळतं, मनगट कुठे येतं. या वेळी माणसाची तयार वाट त्याने घेतलीच नाही. सांगाडा आपण घडवलेला आणि हालचालही आपणच बसवलेली, असा साधा प्रकार इंजिनात निवडला. तिथे कुणी आडवे हात मागत नाही, काही लाल होत नाही. माप आधी पक्कं केलं, मग हाडं घातली, मग कोपराचं वेट स्वतः ठिपका ठिपका ठरवत बसला. कोपर अडकवायचं, दोरावर उठायचं, पुन्हा अडकवायचं. एकेक फ्रेम. भारतीला दिवाळीपर्यंतचा वेळ का लागला ते त्याला आता कळलं.

होळी झाल्यावर एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन उधव्याला गेला. भारती घरी होती. तिने पाणी दिलं, बस म्हटलं, जास्त काही नाही. चिमण ओसरीवर बसलेला. उन्हाळा तोंडावर, बाकी माणसं उघडीवाघडी, आणि हा पूर्ण बाहीचा सदरा घालून. मागच्या कुडाच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, ते लॅमिनेट केलेलं चित्र टांगलं होतं. सरळ हातांचा माणूस, ताडावर.

"काका, हे बघा," दीपेशने लॅपटॉप त्याच्या समोर धरला.

पहाटेच्या रानात वाकड्या हाताचा माणूस आला. कोपर खोडाला अडकवलं आणि उठला. भारती दारातून पुढे आली, वाकून बघू लागली, आणि तिच्या तोंडून नकळत निघालं, "बा, हा तू."

चिमणने बघितलं. त्या हालचालीवर त्याची मान आपोआप वर गेली, ओठ हलले, चढणाऱ्याला काही सांगायच्या बेतात असल्यासारखे. दीपेशच्या जिवात जीव आला. आपण वेळेत आलो, त्याला वाटलं.

"व्हय, मीच हाय," चिमण म्हणाला. मग लॅपटॉपचं झाकण डाव्या हाताने अलगद खाली केलं. "बरा केलास. पन हा नको दाखवू कुनाला."

"का, काका? लोक लांबून ओळखायचे तुम्हाला."

"ओळखायचे. मना वाटला, कौतुक करतात." त्याने उजवी बाही मनगटावर ओढली. "तेवढे शिकलेले लोक जमले तिथं. हात सरळ बघून टाळ्या वाजल्या. मग मना समजला, इतके वर्स काय दिसत व्हता त्यांना."

"असं नाही बा," भारती म्हणाली. "असं कुणाला वाटत नव्हतं."

"काका, चूक माझी होती," दीपेश म्हणाला. तालीम करून आणलेली सगळी वाक्यं तो विसरला. "तुमचा हात बरोबर होता. मीच बिघडवला. भारतीने बजावून सांगितलं होतं, तरी बिघडवला. मला माफ करा."

चिमणने त्याच्याकडे नवलाने बघितलं. मग बाहीत झाकलेला हात पोटाशी धरूनच, डाव्या हाताने भिंतीवरचं चित्र दाखवलं.

"माफ कशाचा रं? हाडवैद्याला नाय जमला, डाक्तराला नाय जमला. तू एकट्याने माझा हात सरळ केला. मी मरीन तवा ह्योच फोटो लावायचा, पोरीला सांगून ठेवलाय." आणि तो मनापासून म्हणाला, "लय उपकार झाले मास्तर."

भारती आत निघून गेली. दीपेश ओसरीवर बसून राहिला. म्हाताऱ्याचे डोळे त्याच्यावर लागलेले होते, उत्तराची वाट बघत, आणि बोललेलं खरं त्याच्या कानात शिरायची वेळ निघून गेली होती.

"उपकार कसले, काका," तो म्हणाला.